लॉक झालेलं अकाउंट आणि घरची लॅब

बार्शीची एक मुलगी. सोलापूर विद्यापीठाची बीएस्सी ईसीएस, मग पुण्यात हिंजवडीला दोन वर्षं डेस्कटॉप सपोर्ट, तेही थर्ड पार्टी पेरोलवर. तिला सॉकमध्ये यायचं होतं. सॉक म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, जिथे शिफ्टमध्ये बसून अलर्ट तपासले जातात. तिथली पहिल्या पायरीची, एल वनची जागा तिला हवी होती. तिचा बायोडेटा माझ्याकडे आला तेव्हा तो तीन पानांचा होता. वर फोटो, त्याखाली 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', मग रंगीत पट्ट्यांनी दाखवलेली कौशल्यं: लिनक्स ऐंशी टक्के, नेटवर्किंग सत्तर टक्के. दुसऱ्या पानावर नोकरीच्या चार ओळी, त्यात 'हार्डवेअर व सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवल्या'. आणि तिसऱ्या पानावर, 'वरील माहिती सत्य आहे' या प्रतिज्ञेच्या अगदी वर, एकच ओळ: होम लॅब – काली लिनक्स, वाझू, स्प्लंक, मेटास्प्लॉइट.

त्या एका ओळीमागे तिचे सात महिन्यांचे रविवार होते, हे मला नंतर कळलं. कागदावर त्याचा मागमूस नव्हता.

सपोर्टमधून सुरक्षेकडे येणाऱ्यांनी आपला बायोडेटा कसा लिहावा, यावर आपल्याकडे तीन मतं ठामपणे सांगितली जातात. पहिलं मत क्लासवाल्यांचं: आधी सर्टिफिकेट, बाकी सगळं नंतर. दुसरं मत स्वतः शिकणाऱ्यांचं: नोकरीचा अनुभव खाली ढकला, प्रोजेक्ट वर घ्या, सपोर्टचा वासच येऊ देऊ नका. तिसरं भरती करणाऱ्या बऱ्याच एचआरवाल्यांचं: अनुभवच मोजला जातो, घरी काय केलं ते छंदात लिहा. मी सॉकच्या मुलाखती घेतो, त्या टेबलावर बसून पाहिलं तर तिन्ही मतांत एक गोष्ट सुटते. सपोर्टमधल्या माणसाकडे असं काहीतरी असतं जे नुसत्या कोर्स केलेल्याकडे नसतं: रोजची तिकिटं. आणि लॅब केलेल्याकडे असं काहीतरी असतं जे नुसत्या सपोर्टवाल्याकडे नसतं: त्या तिकिटाच्या पलीकडचे लॉग. हे दोन जिथे एकमेकांना भिडतात ती जागा कागदावर दिसली पाहिजे. ती कशी दिसते ते या मुलीच्या उदाहरणानेच सांगतो, कारण तिचा बायोडेटा आम्ही दोघांनी बसून ओळ न ओळ बदलला.

पहिल्या भेटीत मी तिला विचारलं, "लॅबमध्ये काय पकडलंस?"

"सर, आरडीपी ब्रूट फोर्स. चुकीचे पासवर्ड टाकले की इव्हेंट `4625` येतो, तो वाझूमध्ये दिसतो."

"त्या इव्हेंटमध्ये `Logon Type` किती होता?"

"दहा," ती लगेच म्हणाली. "रिमोट डेस्कटॉप म्हणजे दहा."

पाठ केलेलं उत्तर होतं ते. विंडोजच्या लॉगमध्ये रिमोट डेस्कटॉपचं यशस्वी लॉगिन, म्हणजे `4624`, दहा नंबरच्या प्रकारात नोंदलं जातं हे खरं आहे. पण आजच्या विंडोजमध्ये नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन मुळातच चालू असतं. त्यामुळे पासवर्डची तपासणी डेस्कटॉपचं सत्र उघडण्याआधीच, नेटवर्कवर होते. पासवर्ड चुकला तर सत्र उघडतच नाही आणि ते अपयश तीन नंबरच्या, म्हणजे नेटवर्क लॉगिनच्या प्रकारात नोंदलं जातं. ज्याने हा इव्हेंट स्वतः उघडून वाचला आहे त्याच्या तोंडून 'दहा' निघणार नाही. मी एवढंच म्हणालो, "घरी जाऊन बघ आणि मला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला: तीन आहे. पण मेसेज तिथे संपत नव्हता. तो इव्हेंट तिला आधी सापडलाच नव्हता. तिने वाझूचा एजंट फक्त डोमेन कंट्रोलरवर बसवला होता आणि हल्ला केला होता क्लायंट मशीनवर. `4625` हा ज्या मशीनवर लॉगिनचा प्रयत्न होतो तिथे नोंदला जातो. डोमेन कंट्रोलर फक्त पासवर्ड बरोबर की चूक हे सांगतो. त्याच्याकडे त्या तपासणीची वेगळी नोंद असते, `4776`, आणि तीही अपयशांचं ऑडिट चालू केलं असेल तरच. म्हणजे आधी तिने जे 'पकडलं' होतं ते एका व्हिडिओतल्या माणसाच्या पडद्यावर पकडलेलं होतं. तिच्या लॅबमध्ये ते दिसलंच नव्हतं.

हे मी इतकं तपशिलात सांगतो आहे त्याला कारण आहे. होम लॅबच्या ओळी असलेले बायोडेटा आता भरपूर येतात आणि त्यातले बरेचसे एकमेकांच्या नकला असतात, कारण त्यामागचे व्हिडिओ तेच असतात. वाचणाऱ्याला साधनांची नावं पाहून काहीच कळत नाही. काली लिनक्स उतरवून घ्यायला एक संध्याकाळ पुरते. वाचणारा शोधत असतो ती अशी एखादी गोष्ट, जी फक्त करून पाहिलेल्यालाच ठाऊक असते.

मग आम्ही बायोडेटा बाजूला ठेवला आणि तिच्या नोकरीबद्दल बोललो. रोज काय येतं? ती म्हणाली, सगळ्यात जास्त येतं ते 'अकाउंट लॉक झालंय'. आठवड्याला सहा-सात तरी. तिच्याकडे फक्त अनलॉक करण्याचा अधिकार होता, डोमेन कंट्रोलरचे लॉग बघण्याचा नव्हता. पण तेच खातं तासाभरात पुन्हा लॉक झालं की ती सर्व्हर टीमला फोन करून `4740` या इव्हेंटमधलं `Caller Computer Name` विचारून घ्यायची आणि मग त्या मशीनपाशी जायची. बहुतेक वेळा उलगडा साधा असायचा. पासवर्ड बदलल्यावर फोनमधल्या मेलमध्ये जुनाच राहिलेला, मॅप केलेल्या ड्राइव्हला जुना साठवलेला, किंवा दुसऱ्या मशीनवर रिमोट सत्र न बंद करता तसंच सोडलेलं. हे सगळं ती सहज सांगत होती. बायोडेटात यातलं एक अक्षर नव्हतं.

मी विचारलं, "यातलं एखादं लॉक हल्ल्यामुळे झालेलं असेल तर तुला कळेल?"

ती थांबली. मग म्हणाली, "एकाच वेळी खूप लोकांची लॉक झाली तर शंका येईल."

"आणि हल्लेखोराने प्रत्येक खात्यावर एकदाच प्रयत्न केला तर?"

"मग लॉकच होणार नाही." आणि पुढच्याच क्षणाला, "म्हणजे मग आमच्याकडे तिकीटच येणार नाही!"

तिच्या लॅबचा प्रश्न तिथे सापडला. पासवर्ड स्प्रेइंग या हल्ल्यात एकच सोपा पासवर्ड अनेक खात्यांवर एकेकदा लावून पाहतात, मायटर अटॅकच्या यादीत `T1110.003`. लॉक होण्याची मर्यादा पाच प्रयत्नांची असेल तर एकही खातं लॉक होत नाही, आणि हेल्पडेस्कला जो एकमेव इशारा मिळतो तोच नेमका गप्प राहतो. सपोर्टमध्ये बसलेल्या माणसालाच सुचावा असा हा प्रश्न आहे.

लॅब पुन्हा मांडली ती या एका प्रश्नासाठी. तिचा लॅपटॉप १६ जीबीचा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज सर्व्हर २०२२ ची १८० दिवसांची इव्हॅल्युएशन आवृत्ती डोमेन कंट्रोलर म्हणून, एक विंडोज १० क्लायंट, वाझूचं सर्व्हर आणि हल्ल्यासाठी एक छोटं डेबियन. वाझूची सगळी अंगं एकाच मशीनवर ठेवायची तर कागदपत्रांत ८ जीबी सांगितलेले आहेत. तेवढे दिले असते तर बाकीच्यांचा श्वास कोंडला असता. तिने ६ दिले, डॅशबोर्ड हळू उघडायचा, पण दोन एजंटांसाठी चालून गेलं. नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे लॅबमधलं काहीही घरच्या वायफायवर किंवा बाहेर जाणार नाही. एजंट आता दोन्ही विंडोज मशीनवर. आणि अपयशांची नोंद खरंच होते आहे का, ते आधी दोन्हीकडे तपासलं:

```
auditpol /get /subcategory:"Logon"
auditpol /get /subcategory:"Credential Validation"
```

मग बारा चाचणी खाती तयार केली आणि दोन प्रयोग केले. पहिल्यात एकाच खात्यावर सलग चुकीचे पासवर्ड. पाचव्यानंतर खातं लॉक, डोमेन कंट्रोलरवर `4740`, आणि क्लायंटवरच्या `4625` मध्ये `Sub Status` आधी `0xC000006A` म्हणजे पासवर्ड चूक, मग थेट `Status` मध्ये `0xC0000234` म्हणजे खातं लॉक. दुसऱ्यात बाराही खात्यांवर एकेक प्रयत्न, सगळे मिनिटभरात. लॉक एकही नाही. वाझूचा तयार नियम दोन्ही वेळा वाजला, कारण थोड्या वेळात एकाच पत्त्यावरून बरीच अपयशं आली एवढंच तो पाहतो. खाती वेगवेगळी आहेत की एकच, हे त्याला कळत नाही. म्हणून तिने `local_rules.xml` मध्ये स्वतःचा नियम लिहिला:

```xml
<group name="windows,local,">
  <rule id="100210" level="12" frequency="5" timeframe="300">
    <if_matched_sid>60122</if_matched_sid>
    <same_field>win.eventdata.ipAddress</same_field>
    <different_field>win.eventdata.targetUserName</different_field>
    <description>Possible password spraying</description>
  </rule>
</group>
```

पत्ता एकच, वापरकर्ते वेगवेगळे, ३०० सेकंदांत पाच. पहिल्या प्रयोगात हा नियम गप्प राहिला, दुसऱ्यात वाजला. बहुतेक जण इथे थांबतात आणि बायोडेटात 'यशस्वीरीत्या शोध लावला' असं लिहितात. मी तिला आणखी दोन गोष्टी करायला लावल्या. एक, तोच हल्ला दर दहा मिनिटांना एक प्रयत्न असा दोन तास चालवायचा. नियम एकदाही वाजला नाही, कारण पाच मिनिटांच्या खिडकीत एकापेक्षा जास्त अपयश येतच नव्हतं. दोन, निरुपद्रवी गोंधळ घडवून पाहायचा: अनेक जण एकाच सामायिक मशीनवरून लॉगिन करतात आणि पासवर्ड बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच जण चुकतात. नियम वाजला. म्हणजे अशा सामायिक जंप सर्व्हरचा पत्ता वगळावा लागेल किंवा त्याच्यासाठी मर्यादा वाढवावी लागेल. तिच्या ऑफिसात नेमकं असं मशीन होतं, म्हणून तिला हे सुचलं.

एका रविवारी सगळे इव्हेंट वेळेत मागे-पुढे दिसू लागले. तिने आदल्या रात्री मशीन बंद न करता 'सेव्ह स्टेट' केली होती आणि उघडल्यावर क्लायंटचं घड्याळ मागे राहिलं होतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की डोमेनचं लॉगिनच नाकारलं जातं, त्यामुळे आधी तिला वाटलं नियमच बिघडला. शेवटी घड्याळ सापडलं. हेही लिहून ठेव, मी म्हणालो. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एकसारखी ठेवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. त्यामागचं कारण तिने त्या रविवारी स्वतः अनुभवलं होतं. मुलाखतीत कोणी या निर्देशांबद्दल विचारलं तर तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं.

आता लिहायचं काय? बायोडेटा इंग्रजीत असतो. त्यातल्या ओळींचा आशय मराठीत सांगतो. प्रोजेक्टच्या मथळ्यात आम्ही साधनाचं नाव ठेवलं नाही, प्रश्न ठेवला: 'खाती लॉक न होता होणाऱ्या पासवर्ड स्प्रेइंगचा शोध – घरची लॅब'. त्याखाली तीनच ओळी. पहिलीत मांडणी: बंदिस्त नेटवर्कवर विंडोज सर्व्हर २०२२ चं डोमेन, क्लायंट आणि वाझू, दोन्ही मशीनवरून लॉग गोळा. दुसरीत काम: एकाच पत्त्यावरून अनेक खात्यांवर येणारी `4625` अपयशं ओळखणारा नियम लिहिला, एका खात्यावरच्या प्रयत्नांपासून तो वेगळा ओळखतो हे बारा खात्यांवर तपासलं. तिसरीत मर्यादा: दहा मिनिटांच्या अंतराने केलेला हल्ला या नियमातून सुटतो, आणि सामायिक मशीनवरून चुकीचा इशारा येतो, दोन्ही नोंदवले आणि बदल सुचवले.

तिसऱ्या ओळीवर ती अडून बसली. "सर, आपणच आपली चूक लिहायची?" तिची भीती मला समजते. आपल्याकडे बायोडेटा म्हणजे लग्नाच्या बायोडेटासारखा, उणं काही लिहायचं नाही. पण सॉकमध्ये दिवसभर चालतं ते हेच: कुठला अलर्ट खोटा, कुठला हल्ला सुटतो. ज्याला आपल्या नियमाची मर्यादा सांगता येते त्याने तो नियम खरंच चालवला आहे, हे वाचणाऱ्याला त्या एका ओळीत कळतं. मी पाहिलेल्या बायोडेटांत ही ओळ क्वचितच असते, आणि जिथे असते तिथे मुलाखत तिच्यापासूनच सुरू होते.

नोकरीचा भाग मात्र वरच राहिला. प्रोजेक्ट वर आणि नोकरी खाली या सल्ल्याशी मी सहमत नाही, निदान दोन वर्षं काम केलेल्यासाठी. ताज्या पदवीधराचं वेगळं, त्याच्याकडे वर ठेवायला दुसरं काही नसतं. नोकरी असलेल्याने ती दडवली की वाचणारा आधी तीच शोधतो, आणि सापडेपर्यंत त्याला संशय येतो. बदलायच्या त्या नोकरीच्या ओळी. 'हार्डवेअर व सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवल्या' गेली. त्याजागी आली: वारंवार लॉक होणाऱ्या खात्यांचं मूळ शोधलं, सर्व्हर टीमकडून स्रोत मशीन मिळवून साठवलेले जुने पासवर्ड आणि उघडी राहिलेली रिमोट सत्रं काढून टाकली. दुसरी: कर्मचाऱ्यांनी कळवलेले संशयास्पद मेल हेडरसकट सुरक्षा टीमकडे पाठवले. तिसरी: नोकरी सोडणाऱ्यांची खाती ठरलेल्या यादीप्रमाणे त्याच दिवशी बंद केली. या तिन्हींपैकी एकही काम तिने नव्याने केलं नव्हतं. सगळं ती आधीपासून करत होती, फक्त ते सुरक्षेचं काम आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आकड्यांबद्दल सल्ला देणारे फार असतात: प्रत्येक ओळीत टक्केवारी हवी. मी म्हणेन, स्वतः मोजलेलाच आकडा लिहावा. 'आठवड्याला सहा-सात' हे तिने आपल्या वहीत टिपलेलं होतं, ते बायोडेटात घेतलं. 'उत्पादकता चाळीस टक्क्यांनी वाढवली' हे कुठून आलं ते तिलाही सांगता येईना, ते खोडलं.

पदाचं नाव बदलायचा मोह अनेकांना होतो. 'डेस्कटॉप सपोर्ट इंजिनिअर'चं 'आयटी सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट' करणं, किंवा लॅबच्या सात महिन्यांना 'स्वतंत्र सुरक्षा सल्लागार' म्हणून अनुभवात घालणं. हे करू नये, आणि ते फक्त नीतीचा प्रश्न म्हणून नाही. नोकरी लागल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, त्यात पीएफच्या यूएएनवरून कुठे किती काळ काम केलं ते दिसतं आणि जुन्या कंपनीला पद विचारलं जातं. हातात आलेली ऑफर तिथे परत जाते. तिच्यासारख्या थर्ड पार्टी पेरोलवाल्यांनी पेरोल कंपनीचं नाव मालक म्हणून लिहावं आणि प्रत्यक्ष काम कुठे, ते 'बँकिंग क्षेत्रातील ग्राहकाकडे नियुक्त' असं. ग्राहकाचं नाव, त्यांचे सर्व्हर, आयपी पत्ते, वापरात असलेली सुरक्षा साधनं यातलं काही लिहू नये. दुसऱ्याच्या घरातल्या कुलपांची यादी घेऊन फिरणाऱ्याला सुरक्षेत कोणी घेत नाही.

लॅबलाही तीच शिस्त लागू होते. मुलाखतीत एक मुलगा मला मोठ्या उत्साहाने सांगत होता की त्याने आपल्या जुन्या कॉलेजची वेबसाइट स्कॅन करून त्रुटी शोधल्या. परवानगी होती का? नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं येतं आणि कलम ६६ खाली त्याच कृत्याला, हेतू अप्रामाणिक ठरला तर, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याचा हेतू चांगलाच होता, पण त्याला पुढे पाठवणं मला जमलं नाही. ग्राहकाच्या यंत्रणेजवळ अशा सवयीचा माणूस बसवण्याची जबाबदारी मी घेऊ शकत नव्हतो. ज्या कंपन्यांनी बग शोधण्यासाठी रीतसर कार्यक्रम जाहीर केले आहेत तिथलं, त्यांच्या मर्यादेत राहून केलेलं काम जरूर लिहावं.

सर्टिफिकेटांबद्दल थोडक्यात. काँप्टियाची सिक्युरिटी प्लस असेल तर परीक्षेच्या कोडसह लिहावी, उदाहरणार्थ `SY0-701`. आयएससी-टूची सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी नवख्यांसाठी ठीक. 'तयारी चालू आहे' असं लिहायचं ते परीक्षेची तारीख घेतली असेल तरच, आणि तारखेसकट. ट्रायहॅकमी किंवा हॅक द बॉक्सवरची क्रमवारी हे चिकाटीचं लक्षण आहे, कामाचा पुरावा नाही. तिथे वाट आखून दिलेली असते, घरच्या लॅबमध्ये एजंट चुकीच्या मशीनवर बसतो आणि तो कुठे चुकला ते आपल्यालाच शोधावं लागतं. तिच्या बायोडेटात ट्रायहॅकमीला एक ओळ मिळाली, सर्टिफिकेटांच्या खाली.

कागदाचा आकार हा भाग छोटा, पण तिथेच अनेक अर्ज गळतात. अर्ज आधी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये जातो, मग एचआरकडे, आणि त्यातून उरला तर माझ्यासारख्याकडे. ते सॉफ्टवेअर पीडीएफमधला मजकूर उपसून काढतं. तिचा जुना बायोडेटा दोन स्तंभांचा होता. तो उघडून सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला, तर डाव्या स्तंभातली कौशल्यं उजव्या स्तंभातल्या नोकरीच्या तारखांत मिसळलेली आणि ऐंशी टक्क्यांच्या पट्ट्या साफ गायब. ही तपासणी कोणालाही दोन मिनिटांत करता येते. नवा बायोडेटा एका स्तंभाचा, दीड पानाचा झाला. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि प्रतिज्ञा गेली. जाहिरातीत 'सिक्युरिटी इन्फर्मेशन अँड इव्हेंट मॅनेजमेंट' असं पूर्ण नाव असेल तर ते आणि त्याचं लघुरूप दोन्ही एकेकदा लिहिलं, कारण शोध कुठल्या शब्दाने होईल ते आपल्या हातात नाही. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून टाकण्याची एक युक्ती फिरत असते. ती उपसलेल्या मजकुरात सरळ दिसते, वाचणाऱ्याला राग येतो.

गिटहबचा दुवा दिला तर मागे काहीतरी हवं. तिने एकच रेपॉझिटरी ठेवली. त्यात एक पानभर वर्णन: प्रश्न काय होता, मशीन कशी जोडली, नियम, दोन्ही प्रयोगांचे स्क्रीनशॉट, काय सुटलं, घड्याळाची गंमत. टाकण्याआधी प्रत्येक चित्र डोळ्यांखालून घातलं. एकात ब्राउझरचा दुसरा टॅब उघडा होता आणि त्यात ऑफिसच्या पोर्टलचा पत्ता दिसत होता, ते कापलं. दुसऱ्या एका फाइलमध्ये वाझूच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड होता. लॅबचा का असेना, सुरक्षेतल्या उमेदवाराच्या रेपॉझिटरीत पासवर्ड सापडणं वाईट, आणि नुसती फाइल पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये तो राहतोच. तिने पासवर्ड बदलला आणि रेपॉझिटरी नव्याने बनवली.

तिचा कागद तयार झाला तेव्हा सर्व्हरच्या १८० दिवसांतले वीस-एक उरले होते. मुदत संपली की ती आवृत्ती दर तासाला आपोआप बंद होते. मुलाखतीत कोणी 'दाखव' म्हटलं आणि लॅब बंद पडलेली असली तर पुन्हा सगळं उभं करायला आठवडा लागला असता. मुदत `slmgr /dlv` मध्ये दिसते, `slmgr /rearm` ने वाढवता येते, तीही ठरावीक वेळाच. तिने वाढवली, पण त्याआधी दोन्ही मशीनवर प्रयोगांच्या दिवसांचे लॉग काढून ठेवले:

```
wevtutil epl Security C:\lab\spray_test.evtx
```

पहिल्या मुलाखतीला ती त्याच फाइली लॅपटॉपवर घेऊन गेली. समोरच्याने तिला विचारलं, आरडीपीवर चुकीचा पासवर्ड टाकला तर `Logon Type` किती येतो. तिने तीन म्हणून सांगितलं, आणि का, तेही.